फ्लेक्सवरचा आधारवड: शिळी प्रतिमा मुद्दाम आली आहे, हे कवितेत कसे कळते

प्रश्न: वडील गेल्यावर लिहिलेली ही कविता मी एका काव्यगटात वाचली. तिथे दोन आक्षेप आले. प्रतिमा शिळ्या आहेत आणि रूपके एकमेकांत मिसळली आहेत. पण ‘आधारवड कोसळला’ हे मी मुद्दाम घेतले आहे, कारण आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर तेच लिहिले होते. मुद्दाम वापरलेली शिळी प्रतिमा आणि नकळत आलेली शिळी प्रतिमा यांत फरक कसा करायचा? आणि रूपके मिसळू नयेत हा नियम कितपत पाळायचा? बोलताना तर आपण ती सतत मिसळतो.

बाबा गेले
आधारवड कोसळला
घरावर काळाने घाला घातला
त्यांच्या सावलीत आमच्या आयुष्याची नौका
कधी डगमगली नाही
आता आठवणींच्या हिंदोळ्यावर
जखमेच्या कळ्या उमलतात
चौकात फ्लेक्सवर बाबा हसताहेत
फोटो पासपोर्टचा, ताणून मोठा केलेला
खाली पुन्हा तेच, आधारवड कोसळला
वाऱ्याने फ्लेक्स फडफडतोय

उत्तर:

या ओळींमागे खरे दुःख आहे याची जाणीव ठेवूनच लिहितो आहे. मात्र पुढचे सगळे बोलणे कागदावरच्या अकरा ओळींविषयी आहे. गेली बरीच वर्षे मी एका छोट्या त्रैमासिकासाठी कविता निवडण्याचे काम करतो आणि वडिलांच्या किंवा आईच्या मृत्यूवरच्या कविता तिथे येणाऱ्या टपालात सर्वांत जास्त असतात, त्यामुळे ‘आधारवड’ हा शब्द माझ्यासमोर किती वेळा आला असेल याची मोजदाद मी ठेवलेली नाही. तरीही तुमच्या कवितेतल्या शेवटच्या चार ओळी मी राखून ठेवीन. अडचण पहिल्या सात ओळींची आहे, आणि त्यांच्यामुळेच शेवटच्या चार ओळींचे बळ कमी होते आहे.

बोलताना आपण रूपके सतत मिसळतो, हे तुमचे म्हणणे खरे आहे. ती मिसळूनही खटकत नाहीत याचे कारण असे की त्यांतली बहुतेक पूर्णपणे मेलेली असतात. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी आणि फार नेमकेपणाने हाताळला आहे. लक्षणा म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने तिची दोन कारणे सांगितली, रूढी आणि प्रयोजन. रूढीचे त्याचे उदाहरण म्हणजे ‘कुशल’ हा शब्द. मुळात कुश नावाचे दर्भ आणणारा तो कुशल. दर्भाची पाती धारदार असल्यामुळे ते काम सावधपणे करावे लागते, म्हणून कुशल म्हणजे निपुण. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर आक्षेप घेतला. शब्दाची व्युत्पत्ती एका कारणाने होते आणि वापर दुसऱ्या कारणाने होतो, हे त्याचे म्हणणे. कुशल म्हणजे निपुण हा आता सरळ वाच्यार्थच आहे, आणि तिथे लक्षणा मानायची असेल तर ‘गाय झोपली आहे’ या वाक्यातही ती मानावी लागेल, कारण ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ या धातूपासून आला आहे आणि झोपलेली गाय काही कुठे जात नसते. मृत रूपक म्हणजे काय हे सांगायला मला अजून याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. आपल्या रोजच्या भाषेतले उदाहरण हवे असेल तर ‘प्रवीण’ घ्या. त्याची व्युत्पत्ती वीणावादनाकडे नेते, पण ‘तो प्रवीण तबलावादक आहे’ असे म्हटले तर कोणाच्याही कानाला वीणा ऐकू येत नाही आणि कोणी हसतही नाही.

तेव्हा पूर्ण मेलेले रूपक हे कवितेत दोष नसते. ते साधे शब्द असतात. तुमची पहिली ओळ ‘बाबा गेले’ पाहा. मरण्याला ‘जाणे’ म्हणणे हेही एके काळी रूपकच असणार, पण आज ते घरात बोलले जाणारे सर्वांत उघडे आणि सर्वांत कमी अलंकृत वाक्य आहे. त्याला कोणी शिळे म्हणणार नाही. शिळेपणाचा वास येतो तो मेलेल्या रूपकाला नव्हे, अर्धवट जिवंत रूपकाला. ‘आयुष्याची नौका’ यातली नौका अजून दिसते, पण ती पाहण्यासाठी कोणी थांबत नाही; ती दिसते एवढ्यासाठीच की तिला आपण याआधी पुष्कळ वेळा पाहिले आहे. ‘आधारवड’, ‘आठवणींचा हिंदोळा’, ‘दुःखाचा डोंगर’ ही सगळी त्याच अवस्थेतली मंडळी आहेत.

मिश्र रूपकाचा प्रश्नही याच अर्धवट जिवंत रूपकांमुळे उभा राहतो. मेलेले किंवा मरायला टेकलेले रूपक त्याच्या मूळ जगातल्या एखाद्या शब्दाशेजारी बसवले की ते उठून बसते. ‘घड्याळाचे काटे’ यात कोणाला बाभूळ दिसत नाही, पण ‘घड्याळाचे काटे रुतले’ असे लिहा, म्हणजे लगेच तळपाय आठवतो. ‘डोंगराचा पायथा’ यातला पाय दिसत नाही. त्या पायथ्याशी कोणी वहाण काढून ठेवली की तो दिसू लागतो. कवितेत हे मुद्दाम करता येते आणि उत्तम कवी ते करतातच. पण नकळत झाले तर एकाच वाक्यात दोन प्रेते एकदम उठून बसतात आणि ती एकमेकांच्या ओळखीची नसतात.

तुमच्या चौथ्या ओळीत नेमके हेच झाले आहे. दुसऱ्या ओळीत वड आला, तो कोसळला. तेवढ्यावर थांबला असतात तर तो फ्लेक्सवरचा निर्जीव शब्दच राहिला असता. पण चौथ्या ओळीत तुम्ही ‘सावलीत’ म्हटले. सावली वडाची, त्यामुळे वड उठला. लगेच पुढे ‘नौका’ आली आणि तिच्या मागोमाग ‘डगमगली’ हे क्रियापद आले. ते नौकेच्या मूळ जगातले, म्हणून नौकाही उठली. आता वाचकाच्या डोळ्यांसमोर एक झाड आहे आणि त्या झाडाच्या सावलीत एक बोट उभी आहे. तिसऱ्या ओळीतही असाच प्रकार आहे, फक्त तो सौम्य आहे. ‘काळाने घाला घातला’ हे अपघाताच्या बातम्यांतून घासून गुळगुळीत झालेले वाक्य, त्यातले दरोडेखोर कधीच दिसेनासे झाले होते. पण ‘घरावर’ हा शब्द जोडल्याने ते पुन्हा दाराशी आले. म्हणजे आधीच्या ओळीत झाड पडले आणि या ओळीत दरोडा पडला.

इथे एक व्याकरणाची गोष्ट सांगतो, कारण माझ्या अनुभवात मराठी कवितेतली बहुतेक मिश्रणे तिच्यातून निघतात. ‘सावलीत नौका’ आणि ‘हिंदोळ्यावर कळ्या’ या दोन्ही ठिकाणी दोष प्रतिमांचा जितका आहे तितकाच ‘-त’ आणि ‘-वर’ यांचा आहे. हे प्रत्यय स्थळ सांगतात. ते लावले की एक वस्तू दुसऱ्या वस्तूत किंवा दुसऱ्या वस्तूवर प्रत्यक्ष ठेवावी लागते, आणि मग वाचकाचे मन निमूटपणे ती ठेवून पाहते. झोपाळ्यावर कळ्या, आणि त्या कळ्या जखमेच्या. दोन रूपके वेगवेगळ्या वाक्यांत असती तर त्यांची भेट झालीच नसती. दुसरी सवय ‘-चा, -ची, -चे’ या प्रत्ययांची आहे. एक भाववाचक नाम घ्यायचे, त्याला ‘-च्या’ लावायचे आणि पुढे एक दिसणारी वस्तू ठेवायची. आयुष्याची नौका, आठवणींचा हिंदोळा, जखमेची कळी, अशा जोड्या हव्या तितक्या निघतात. अशी जोडी लिहिली गेली की मी पहिले नाम खोडून पाहतो. नुसती ‘नौका’ तुमच्या कवितेत काही करते का? तिला वल्हे आहे, भोक आहे, किनारा आहे? नसेल तर ती वस्तू नव्हे, फक्त भाववाचक नामाला चिकटवलेला दागिना आहे.

रूपके मिसळू नयेत हा सरसकट नियम मात्र मी मानत नाही. आपल्या भाषेतल्या सर्वांत जास्त पाठ असलेल्या ओळींमध्येच तो मोडलेला दिसतो. पसायदानात सज्जनांविषयी म्हटले आहे:

चला कल्पतरूंचे आरव । चेतना चिंतामणींचे गांव ।
बोलते जे अर्णव । पीयूषांचे ॥

एकाच ओवीत तेच लोक बाग आहेत, गाव आहेत आणि समुद्रही आहेत. शिवाय कल्पतरू, चिंतामणी आणि अमृत ही तिन्ही उपमाने शके १२१२ मध्येही नवी नव्हती; संस्कृत काव्यात आणि पुराणांत ती शतकानुशतके वापरून झालेली होती. तरीही ही ओवी शिळी वाटत नाही आणि मिश्रही वाटत नाही, याची दोन वेगवेगळी कारणे आहेत. मिश्र वाटत नाही, कारण प्रत्येक रूपक आपापल्या चरणात पुरे होते. बाग गावात नाही आणि गाव समुद्रावर नाही. आणि शिळे वाटत नाही, कारण प्रत्येक जुन्या उपमानाला त्याच्या स्वभावाविरुद्ध एक शब्द जोडलेला आहे. कल्पतरू जागचा हलत नाही, तर इथली बाग ‘चला’ म्हणजे चालती आहे. चिंतामणी हा शेवटी दगड, तर इथला गाव ‘चेतना’ म्हणजे सजीव आहे. समुद्र बोलत नाही, इथला बोलतो. पुढच्या ओवीत चंद्र आहे पण डाग नसलेला, सूर्य आहे पण ताप नसलेला. म्हणजे ज्ञानदेवांनी जुने उपमान नुसते उचलले नाही, त्यातले काय कमी पडते हे त्याच ठिकाणी सांगितले. शिळ्या प्रतिमेची उणीव कवितेतच दाखवून दिली की ती प्रतिमा पुन्हा कामाला लागते, ही गोष्ट तुमच्या आधारवडासाठी लक्षात ठेवा, कारण तिच्याकडे मी परत येणार आहे.

(मिश्रण हेच साध्य असण्याचाही एक प्रकार आहे, तो उपहासाचा. एखादा पुढारी व्यासपीठावरून ‘विकासाच्या गंगेची घोडदौड’ म्हणतो आणि कवी ते तसेच उतरवून घेतो, तेव्हा मिसळलेले रूपक हा त्या पुढाऱ्याचा दोष असतो, कवीचा नव्हे. तुमची कविता त्या जातीची नाही, म्हणून इथे एवढेच पुरे.)

आता तुमचा मुख्य प्रश्न, मुद्दाम की नकळत. तुम्ही काव्यगटाला सांगितले की मी हे मुद्दाम केले आहे, आणि माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तो खुलासा कवितेबरोबर टपालाने येत नाही. कवीच्या मनात काय होते यावर हा प्रश्न सुटतच नाही. वाचकाच्या हातात फक्त ओळी असतात, आणि त्यांतून त्याला हे शब्द मुळात कोणाच्या तोंडचे आहेत हे कळले पाहिजे. मुद्दाम वापरलेली शिळी प्रतिमा नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीची असते. ती फ्लेक्सची असते, शोकसभेतल्या वक्त्याची असते, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेची असते, शाळेच्या निबंधाची असते; आणि कविता तिला आपल्या तोंडात न घेता हातात धरून दाखवते.

यातून एक खूण निघते जी मला आजवर सर्वांत भरवशाची वाटली आहे. मुद्दाम आलेले शिळेपण एकाच दुकानातून येते, आणि नकळत आलेले गावभरातून येते. तुमच्या कवितेतल्या शिळ्या प्रतिमा कुठून आल्या ते पाहा. आधारवड आला फ्लेक्सवरून. काळाचा घाला आला अपघाताच्या बातमीतून. आयुष्याची नौका आली निरोपसमारंभाच्या भाषणातून. आठवणींचा हिंदोळा आला भेटकार्डावरून किंवा मुलाखतींच्या मथळ्यांतून. जखमेच्या कळ्या कुठल्या ते मला सांगता येत नाही, पण भावगीताच्या आसपासचा पत्ता असावा. पाच प्रतिमा आणि चार-पाच दुकाने. त्यांतली एकच मुद्दाम घेतलेली असेल, तरी उरलेल्या चार तिच्या विरुद्ध साक्ष देतात. वाचक साहजिकच असा निष्कर्ष काढतो की हा कवी जवळ सापडेल ते घेतो आहे, आणि शेवटी फ्लेक्सचा उल्लेख आला की त्याला ती मागाहून काढलेली पळवाट वाटते.

क्रमाचाही यात वाटा आहे. आधारवड दुसऱ्या ओळीत येतो तो निवेदकाच्या, म्हणजे मुलाच्या, स्वतःच्या आवाजात. तो फ्लेक्सवरचा आहे हे दहाव्या ओळीत कळते. मधल्या ओळींत वाचकाने आपला निकाल देऊन टाकलेला असतो. ‘पुन्हा तेच’ या दोन शब्दांवर तुमची सगळी भिस्त आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण एवढे मोठे ओझे त्यांना उचलत नाही.

दुसरीकडे, शिळी प्रतिमा खुणेसकट कशी येते याचा नमुना बा. सी. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘कांही कविता’ या संग्रहातल्या, पिंपातल्या उंदरांच्या प्रसिद्ध कवितेत मिळतो:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

‘ओठांवरती ओठ मिळाले’ ही ओळ वेगळी काढून वाचा. प्रेमकवितेतली ती अगदी वापरलेली ओळ आहे आणि एखाद्या नवशिक्या कवीने आपल्या प्रेयसीविषयी ती लिहिली असती तर आपण पान उलटले असते. इथे ती मेलेल्या उंदरांवर बसवली आहे. ती चुकून आली असेल अशी शंकाही कोणाला येत नाही, कारण पुढच्याच ओळीत ‘आसक्तीविण’ आहे. त्या ओळीतून जे अपेक्षित असते तेच नेमके काढून घेतले आहे. शिवाय भोवतालच्या ओळींत तशी दुसरी प्रेमकवितेची ओळ नाही. पिंप, ओल, पडलेल्या माना हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि त्या पाहण्याच्या जोरावर वाचक कवीला एका शिळ्या ओळीची उधारी देतो. तुमच्याही कवितेत ही पत आहे. ‘फोटो पासपोर्टचा, ताणून मोठा केलेला’ ही ओळ पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. फक्त ती पत नवव्या ओळीत कमावलेली आहे आणि उधारी दुसऱ्या ओळीपासून सुरू आहे.

ही खूण माझ्या हातून एकदा चुकली होती, तेही नोंदवतो. लग्नाच्या आहेराविषयीची एक कविता मी ‘घासलेले शब्द’ असा शेरा मारून परत पाठवली होती. पुढे एका कार्यक्रमात कवयित्रीने ती स्वतः वाचली, आणि तिने पहिला अर्धा भाग मंगल कार्यालयातल्या ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाच्या सुरात म्हटला तेव्हा सभागृह हसले आणि मी खजील झालो. सगळे शब्द एकाच दुकानातले होते, माझीच कसोटी मी लावली नव्हती. पण नंतर कागद काढून पाहिला तेव्हा असेही दिसले की तो सूर कागदावर कुठेच नव्हता. ध्वनिक्षेपकाचा एक उल्लेख पुरला असता. स्वतःची कविता मोठ्याने वाचून पाहावी असा सल्ला सगळेच देतात; मुद्दाम वापरलेल्या शिळ्या प्रतिमेच्या बाबतीत तो फसवा ठरू शकतो, कारण आवाज नकळत अवतरणचिन्हे घालतो आणि ती छापली जात नाहीत. त्यापेक्षा ती प्रसंग न सांगता दुसऱ्याला मनात वाचायला द्यावी, आणि ‘हे कोण बोलते आहे’ एवढेच विचारावे.

तुमच्या कवितेसाठी मला दोन वाटा दिसतात. पहिली सोपी आहे. पहिल्या सात ओळी काढून टाका, ‘पुन्हा तेच’ काढा, आणि जे उरते ते वाचा:

चौकात फ्लेक्सवर बाबा हसताहेत
फोटो पासपोर्टचा, ताणून मोठा केलेला
खाली लिहिलंय, आधारवड कोसळला
वाऱ्याने फ्लेक्स फडफडतोय

इथे आधारवड कोणाचा याविषयी शंका उरत नाही. आणि आधी झाकलेली एक गोष्ट वर येते. वड कोसळला असे लिहिलेली वस्तू स्वतः मात्र पानासारखी फडफडते आहे. दुसऱ्या ओळीतला ताणलेला फोटो आणि तिसऱ्या ओळीतला ताणलेला शब्द एकमेकांशेजारी येतात. लहान खऱ्या चेहऱ्याला जसे चौकाच्या मापाचे केले, तसेच लहान खऱ्या माणसाला वड केले. जुन्या उपमानाची उणीव त्याच ठिकाणी दाखवणे म्हणतात ते हेच. या वाटेने तोटा एकच होतो. घर नाहीसे होते. बोलणारा मुलगा आहे हे ‘बाबा’ या एका शब्दावरूनच कळते.

दुसरी वाट कठीण आहे, पण तुमचा मूळ हेतू तिच्या जास्त जवळ जातो असे मला वाटते. शिळेपण कमी करण्याऐवजी ते पूर्ण करायचे, आणि एकाच दुकानातून आणायचे. नौका, हिंदोळा आणि कळ्या काढून टाकायच्या, कारण त्या फ्लेक्सवर कधीच नसतात. त्यांच्या जागी फ्लेक्सवर आणि निधनवार्तेत खरोखर असते ते ठेवायचे:

बाबा गेले
त्यांचे दुःखद निधन झाले
ते काळाच्या पडद्याआड गेले
आधारवड कोसळला
कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली
शोकाकुल, समस्त मित्रपरिवार

आणि त्यानंतर तुमच्या फ्लेक्सच्या ओळी, फक्त ‘खाली पुन्हा तेच’ ही ओळ वगळून, कारण आता ते सगळेच वर येऊन गेले आहे. लक्षात घ्या की या मांडणीतही पडदा, वड आणि पोकळी अशी तीन न जुळणारी रूपके आहेत, पण कोणी त्यांना मिश्र म्हणणार नाही. प्रत्येक स्वतंत्र वाक्यात आहे, कुठेही ‘-त’ किंवा ‘-वर’ने दुसऱ्याला खिळलेले नाही, आणि सगळी एकाच छापखान्याची आहेत. शिवाय पहिल्या ओळीतले ‘गेले’ आणि तिसऱ्या ओळीतले ‘पडद्याआड गेले’ हे एकच क्रियापद आहे. घरातला मेलेला, म्हणून साधा, शब्द चौकात जाताना कसा सजतो ते वाचकाला तुम्ही न सांगता दिसते. शेवटच्या ‘मित्रपरिवार’ या शब्दाशी पोहोचेपर्यंत हा आवाज मुलाचा नाही हे त्याला कळलेले असते. या वाटेतला धोका असा की पाच ओळी सलग शिळ्या ठेवायला धीर लागतो. मध्येच एखादी बरी प्रतिमा घालून वाचकाला दिलासा द्यावा असा मोह होईल, आणि ती एक प्रतिमा सगळे बिघडवील.

आणखी एक मोह तुम्हाला नक्की होईल, म्हणून आधीच सांगतो. वडाला खरोखर वड म्हणून पाहावे असे वाटू लागेल, आणि त्यात पाहण्यासारखे आहेही. वडाचे मूळ खोड गेले तरी झाड जातेच असे नाही. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे कुजलेले मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकावे लागले आणि ते झाड आजही आपल्या पारंब्यांवर उभे आहे. तेव्हा ‘आधारवड कोसळला’ असे म्हणणाऱ्याने वड नीट पाहिलेला नसतो असे म्हणता येईल. पण पारंब्या म्हणजे मुले, ही कल्पना सत्कारसमारंभांच्या भाषणांत इतकी वापरली गेली आहे की एका दुकानातून सुटून तुम्ही दुसऱ्यात शिराल. वापरायचेच असेल तर उलट बाजूने पाहा. वडाच्या दाट सावलीत सहसा दुसरे काही नीट वाढत नाही. ते तुमच्या वडिलांविषयी खरे होते की नाही हे मला ठाऊक नाही, आणि खरे नसेल तर ओळ कितीही चमकदार निघाली तरी तिला हात लावू नका.

ही कसोटी जिथे चालत नाही अशी ठिकाणेही आहेत. जात्यावरच्या ओवीत, अभंगात किंवा लावणीत ठरलेल्या प्रतिमा शिळ्या नसतात, त्या सामाईक असतात. राजशेखराने ज्याला कविसमय म्हटले, म्हणजे चकोराने चांदणे पिणे वगैरे, त्यांचेही तसेच. तिथे श्रोता नवी वस्तू मागत नाही, ठरलेल्या वस्तूची मांडणी पाहतो. तुमची कविता मुक्तछंदात आहे आणि तिने पहिल्याच ओळीपासून बोलीचा आधार घेतला आहे, त्यामुळे ती सवलत तिला मिळणार नाही.

दोन्ही वाटांनी एकेक खर्डा करून पाहा. पण त्याआधी मला एक गोष्ट हवी आहे, जी तुमच्या अकरा ओळींत कुठेच नाही आणि जी त्या दिवशी चौकात तुम्ही नक्कीच पाहिली असेल. फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता, म्हणजे तो कशाला तरी बांधलेला होता. विजेच्या खांबाला, कठड्याला, की झाडाला? आणि झाडाला असेल, तर कोणत्या?